दुसरा हप्ता दर वेळी का अडकतो? करारातल्या बजेट परिशिष्टाची तपासणी आणि दुरुस्ती

सामाजिक संस्थांमध्ये हिशेब सांभाळणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. कंपनीच्या सीएसआर विभागाशी करार झाला, सही होताच पहिला हप्ता आला, कामही जोरात सुरू झालं, आणि दुसरा हप्ता अडकला. विचारलं की प्रत्येक वेळी वेगळं कारण मिळतं. अहवाल अपुरा आहे, एका शाळेची पोच नाही, मंजुरी देणारे अधिकारी बदलले, लेखा विभागाला बीजक हवंय. मग संस्थेचे संचालक फोन करत राहतात, कार्यकर्त्यांचे पगार दोन-दोन महिने थकतात, आणि पैसे आले की सगळे हा त्रास विसरून जातात. पुढच्या वर्षी, कधी वेगळ्या कंपनीबरोबर, पुन्हा तेच.

माणसं बदलून, कंपनी बदलूनही तोच हप्ता त्याच वळणावर अडकत असेल तर पाठपुरावा वाढवून उपयोग नाही. कराराच्या शेवटी जोडलेलं बजेटचं परिशिष्ट काढून समोर ठेवा. बहुतेक वेळा त्यात दोन तक्ते असतात. पहिल्यात खर्चाची शीर्षं असतात: पगार, प्रवास, साहित्य, प्रशिक्षण. दुसऱ्यात हप्ते असतात आणि प्रत्येक हप्त्यासमोर पूर्ण करायचं काम. पहिला तक्ता संस्थेच्या हिशेबनिसाने केलेला असतो, दुसरा कंपनीच्या माणसाने आधीच्या एखाद्या करारातून उचललेला असतो. दोन्हींची बेरीज जुळते, म्हणून परिशिष्ट बरोबर आहे असं सगळे धरून चालतात. पण कोणत्या महिन्यात किती पैसे लागणार आणि त्या महिन्यापर्यंत किती आलेले असणार, हे दोन्ही तक्त्यांत कुठेच लिहिलेलं नसतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण अशा परिशिष्टांची रचना अगदी अशीच असते.

एक संस्था आणि एक कंपनी यांच्यात 60 जिल्हा परिषद शाळांमध्ये वाचन उपक्रम चालवण्याचा करार झाला. मुदत 1 जून ते 31 मे, रक्कम 36 लाख रुपये. यात दर महिन्याला होणारा खर्च असा: एका समन्वयकाला 35 हजार, प्रत्येकी दहा शाळा सांभाळणाऱ्या सहा कार्यकर्त्यांना 20 हजारांप्रमाणे 1 लाख 20 हजार, प्रवास 25 हजार, कार्यालय आणि हिशेब 20 हजार. म्हणजे महिन्याला बरोबर 2 लाख, वर्षाला 24 लाख. उरलेले 12 लाख एकेकदा होणारे खर्च आहेत. प्रत्येक शाळेला 12 हजारांची पुस्तकं, म्हणजे 7 लाख 20 हजार. शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या दोन फेऱ्या, जुलै आणि नोव्हेंबरमध्ये, प्रत्येकी दीड लाख. जुलैची पायाभूत चाचणी आणि एप्रिलची अंतिम चाचणी, प्रत्येकी 90 हजार.

हप्ते असे ठरले होते. सहीनंतर 25 टक्के, म्हणजे 9 लाख. पायाभूत चाचणीचा अहवाल आणि ‘सर्व 60 शाळांना पुस्तकं पोहोचल्यावर’ आणखी 9 लाख. दोन्ही प्रशिक्षणं आणि मध्यावधी अहवाल झाल्यावर 30 टक्के, म्हणजे 10 लाख 80 हजार. अंतिम अहवाल आणि सीएने प्रमाणित केलेलं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर उरलेले 20 टक्के, म्हणजे 7 लाख 20 हजार.

वाचताना यात काहीच खटकत नाही. आता महिन्यांप्रमाणे मांडा. जूनमध्ये खर्च 2 लाख. जुलैमध्ये मासिक 2 लाख, पुस्तकं, पहिलं प्रशिक्षण आणि पायाभूत चाचणी मिळून 11 लाख 60 हजार. जुलैअखेर एकूण खर्च 13 लाख 60 हजार, आणि हातात आलेले 9 लाख.

अडचणीचं मूळ इथेच आहे. दुसरा हप्ता मिळवण्यासाठी जे काम दाखवायचं आहे, त्या कामापर्यंत पोहोचायलाच 13 लाख 60 हजार लागतात. पहिला हप्ता 9 लाखांचा. मधले 4 लाख 60 हजार कोण घालणार, याचं उत्तर परिशिष्टात नाही. म्हणजे कंपनीने ठरल्या दिवशी, एकही प्रश्न न विचारता पैसे दिले असते तरी संस्था जुलैमध्ये अडकलेलीच होती. संस्था मग काय करते? पुस्तकविक्रेत्याला थांबवते किंवा निम्मीच पुस्तकं उचलते. पुस्तकं अर्धी गेली की ‘सर्व 60 शाळा’ ही अट पूर्ण होत नाही. अट पूर्ण नाही म्हणून हप्ता नाही, आणि हप्ता नाही म्हणून उरलेली पुस्तकं नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला संस्था ढिली वाटते.

स्वतःच्या परिशिष्टाची हीच तपासणी करायला फार वेळ लागत नाही. स्प्रेडशीटमध्ये A स्तंभात महिने, B मध्ये त्या महिन्याचा खर्च, C मध्ये त्या महिन्यात हाती येणारा हप्ता लिहा. दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली असेल तर D2 मध्ये पहिलं सूत्र टाका आणि खाली ओढा. दुसरं सूत्र वर्षातली सर्वांत वाईट शिल्लक दाखवतं.

```
=SUM(C$2:C2)-SUM(B$2:B2)
=MIN(D2:D13)
```

इथे एक पथ्य कटाक्षाने पाळा. C स्तंभात काम पूर्ण होण्याचा महिना लिहू नका, पैसे बँकेत पडण्याचा महिना लिहा. काम संपल्यावर अहवाल लिहायला दोन आठवडे, कंपनीच्या तपासणीला करारात असेल तितकी मुदत आणि लेखा विभागाची पैसे सोडण्याची फेरी, असे सगळे मिळून सहा ते आठ आठवडे सहज जातात. आशेवर भरलेला C स्तंभ तुम्हाला सुखरूप वर्ष दाखवेल, आणि ऑगस्टमध्ये पगार थकतील.

आपल्या उदाहरणात प्रत्यक्षात काय झालं? पुस्तकं उधारीवर उचलून जुलैअखेर शाळांत पोहोचवली, ऑगस्टच्या मध्याला अहवाल दिला. मात्र पटसंख्या कमी असल्यामुळे दोन शाळांचं शेजारच्या शाळांत समायोजन झालं होतं. पुस्तकं 58 शाळांना पोहोचली. कंपनीच्या अधिकाऱ्याने परिशिष्टात लिहिलेलं वाचलं आणि ‘सर्व 60’ झाल्या नाहीत म्हणून फाइल बाजूला ठेवली. त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तरी तेच केलं असतं, कारण अंतर्गत लेखापरीक्षक त्यांना हाच शब्द दाखवून प्रश्न विचारणार. पर्यायी शाळा ठरवणं, त्याला मंजुरी, पुन्हा पोच, असं करत पैसे नोव्हेंबरच्या मध्याला आले. ऑक्टोबरअखेर संस्था 10 लाख 60 हजारांनी खड्ड्यात होती. दोन शाळांच्या पुस्तकांची किंमत 24 हजार. 24 हजारांच्या कामासाठी 9 लाख अडकले.

म्हणजे दोष दोन आहेत आणि ते एकमेकांना बळ देतात. एक, हप्त्याची रक्कम आणि त्या टप्प्यापर्यंतचा खर्च यांचा मेळ नाही. दोन, अट ‘सगळं किंवा काहीच नाही’ अशी लिहिली आहे. पहिला दोष दुरुस्त केला आणि दुसरा तसाच ठेवला, तर हप्ता पुन्हा अडकेलच, फक्त खड्डा थोडा उथळ असेल.

हप्त्यांची नवी मांडणी

नियम एकच लक्षात ठेवायचा: कोणताही हप्ता आला की एकूण जमा इतकी असली पाहिजे की पुढचा हप्ता खरोखर बँकेत पडेपर्यंतचा खर्च त्यात भागेल. टक्केवारी आधी ठरवू नका. आधी तारखा आणि खर्च मांडा, टक्केवारी त्यातून आपोआप निघते. 25-25-30-20 हे आकडे गोल असल्यामुळे सोयीचे वाटतात. जुलैमध्ये पुस्तकं घ्यायची आहेत हे त्यांना ठाऊक नसतं.

त्याच 36 लाखांची, एकही रुपया न वाढवता केलेली मांडणी पाहा.

| हप्ता | रक्कम | कशावर | बँकेत कधी |
|---|---|---|---|
| पहिला | 6 लाख | करारावर सही | जूनचा पहिला आठवडा |
| दुसरा | 12 लाख | कार्यकर्त्यांच्या नेमणुका, दोन्ही बाजूंनी सही केलेली शाळांची यादी, पुस्तकांची यादी आणि दर मंजूर | जुलैचा मध्य |
| तिसरा | 8 लाख | पुस्तकांच्या शाळानिहाय पोचा, पायाभूत चाचणीचा अहवाल | सप्टेंबरअखेर |
| चौथा | 7 लाख | नोव्हेंबरच्या प्रशिक्षणाची हजेरी, सहा महिन्यांचा खर्चाचा तक्ता | जानेवारीचा पहिला आठवडा |
| पाचवा | 3 लाख | अंतिम अहवाल आणि उपयोगिता प्रमाणपत्र | मुदत संपल्यानंतर |

आता जुलैअखेर जमा 18 लाख आणि खर्च 13 लाख 60 हजार. तिसरा हप्ता अगदी सप्टेंबर संपताना आला तरी तोवरचा खर्च 17 लाख 60 हजार, म्हणजे पगार थांबत नाहीत. डिसेंबरअखेर जमा 26 लाख, खर्च 25 लाख 10 हजार. वर्षात पहिल्यांदा तूट येते ती एप्रिलमध्ये, 1 लाखाची, आणि मेअखेर ती 3 लाख होते. जुन्या मांडणीत शेवटी 7 लाख 20 हजार स्वतःचे घालून सीएचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत वाट पाहावी लागत होती.

या मांडणीतला खरा बदल दुसऱ्या हप्त्यात आहे. जुन्या परिशिष्टात पैसे खर्चाच्या मागे होते. इथे ते खर्चाच्या ठीक आधी आहेत, आणि त्यांना बांधलेलं काम तयारीचं आहे: माणसं नेमली का, शाळा ठरल्या का, कोणती पुस्तकं कोणत्या दराने घेणार हे कंपनीने पाहिलं का. यातलं प्रत्येक काम पहिल्या 6 लाखांत होतं आणि प्रत्येकाचा कागद संस्थेच्या हातात असतो.

कंपनीकडून हमखास येणारा आक्षेप असा: एकही पुस्तक शाळेत दिसण्याआधी निम्मी रक्कम का द्यायची? आक्षेप रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. त्या 18 लाखांपैकी 11 लाख 60 हजार एकट्या जुलैत खर्च होणार आहेत हे महिनावार तक्त्यात दाखवा. सोबत तीन गोष्टी स्वतःहून देऊ करा: प्रकल्पासाठी वेगळं बँक खाते, दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत एका पानाचा खर्चाचा तक्ता, आणि करार मध्येच थांबला तर न वापरलेली रक्कम 30 दिवसांत परत करण्याचं कलम. एवढं दिल्यावरही कंपनी अडली तर दुसरा हप्ता फोडून पुस्तकांचे 7 लाख 20 हजार वेगळे करा आणि ते विक्रेत्याला मागणीपत्र दिल्यावर सोडायचे असं ठरवा. पगाराचे पैसे मात्र पुस्तकांच्या मागे अडकू देऊ नका.

मधल्या काळासाठी दुसऱ्या प्रकल्पाचे पैसे फिरवणं हा उपाय नाही. एका देणगीदाराने एका कामासाठी दिलेले पैसे दुसऱ्या कामाच्या पगाराला गेले की दोन्हींचे हिशेब बिघडतात. परदेशी देणगीच्या खात्यातून तर अशी उसनवारी मुळीच चालत नाही, कारण ती रक्कम ज्या उद्देशासाठी आली त्यासाठीच वापरण्याचं कायद्याचं बंधन आहे.

अटीचे शब्द

दुसरा दोष शब्दांचा आहे. ‘समाधानकारक अहवाल सादर केल्यावर’, ‘सर्व शाळांमध्ये उपक्रम सुरू झाल्यावर’, ‘मुलांच्या वाचनक्षमतेत वाढ दिसल्यावर’ अशी वाक्यं हप्त्यांच्या तक्त्यात दिसली की त्यांच्याखाली लाल रेघ मारा. समाधान कोणाचं? सुरू झालं म्हणजे नेमकं काय झालं? आणि वाढ एप्रिलच्या चाचणीशिवाय कशी दिसणार?

प्रत्येक अटीत चार गोष्टी असाव्यात: मोजता येणारं काम, त्याचा पुरावा कोणता, तो कोण तपासणार आणि किती दिवसांत. चौथी गोष्ट हमखास विसरली जाते, आणि सर्वाधिक हप्ते तिच्याचमुळे लोंबकळतात. तिसऱ्या हप्त्यासाठी असं कलम लिहिता येईल:

‘परिशिष्टातील शाळांना पुस्तकसंच पोहोचवणे. पुरावा: मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का असलेली पोच. तपासणी: कंपनीचे सीएसआर व्यवस्थापक. पुरावे मिळाल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत लेखी हरकत न आल्यास काम स्वीकारले असे मानले जाईल, आणि त्यानंतर 15 दिवसांत रक्कम दिली जाईल. किमान 54 शाळांच्या पोचा आल्यास हप्ता देय होईल. उर्वरित प्रत्येक शाळेमागे 12,000 रुपये रोखून धरले जातील व पोच मिळाल्यावर पुढील हप्त्यासोबत दिले जातील.’

हे शेवटचं वाक्य आपल्या उदाहरणात असतं तर दोन शाळांसाठी 24 हजार थांबले असते आणि बाकीचे पैसे सप्टेंबरात आले असते. कंपनीचंही काही बुडत नाही. न झालेल्या कामाचे पैसे तिच्याकडेच राहतात, आणि अधिकाऱ्याला आपल्या जोखमीवर सूट दिल्यासारखं वाटत नाही. हे कलम कोणत्या हप्त्याला लावता येतं हे ओळखणं सोपं आहे. ज्या कामाला नगाचा दर आहे, शाळा, संच, शिबिर, विहीर, बंधारा, त्याला लावता येतं. अहवालाला लावता येत नाही. 90 टक्के अहवाल असं काही नसतं.

शाळांची समायोजनं होतच राहतात, म्हणून यादीबद्दलही एक ओळ हवी: शाळा बंद किंवा समायोजित झाल्यास त्याच तालुक्यातली पर्यायी शाळा संस्थेने ईमेलने कळवावी, सात दिवसांत हरकत न आल्यास ती यादीत धरली जाईल. ही ओळ नसेल तर एक शाळा बदलायलाही कराराची दुरुस्ती लागते, आणि दुरुस्ती म्हणजे कायदा विभाग, म्हणजे महिना-दीड महिना.

तिसऱ्याच कोणाच्या हातातली गोष्ट हप्त्याला बांधू नका. शिक्षणाधिकाऱ्यांचं परवानगीपत्र हे त्याचं नेहमीचं उदाहरण. परवानगी लागतेच, पण ती सहीच्या आधी मिळवायची. सहीपूर्वी मिळत नसेल तर मुदतच परवानगीच्या तारखेपासून सुरू होईल असं लिहायचं. जून-जुलैत बदल्यांमुळे अधिकाऱ्यांच्या खुर्च्या हलतात, आणि नव्या अधिकाऱ्यांनी फाइल वाचेपर्यंत तुमचा हप्ता थांबणार असेल तर ते परिशिष्टात पाहूनच टाळायला हवं होतं.

मुलांच्या प्रगतीबद्दल कंपनीला आस्था असते आणि असावीच. पण ‘70 टक्के मुलं परिच्छेद वाचतील’ ही अट हप्त्याला बांधली की कार्यकर्त्यावर चाचणीचे गुण फुगवण्याचा दबाव येतो. तो आकडा अहवालात द्या, त्यावर दोघांनी बसून बोला. हप्ता मात्र चाचणी ठरल्या पद्धतीने घेऊन तिचा विदा दिला यावर ठेवा.

31 मार्चची अडचण

आपला करार जून ते मे आहे, म्हणजे तो दोन आर्थिक वर्षांत पडतो. सीएसआरच्या पैशांत यामुळे एक वेगळाच अडथळा येतो आणि तो संस्थेला दिसतही नाही.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खाली ज्या कंपन्यांवर सीएसआरचं बंधन आहे, त्यांना वर्षाची रक्कम त्या वर्षात खर्च करावी लागते. 2021 पासूनच्या नियमांप्रमाणे संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे खर्च झाला असं होत नाही. दिलेले पैसे ठरल्या कामासाठी वापरले गेले याची खात्री संचालक मंडळाने करायची आणि मुख्य वित्त अधिकाऱ्याने तसं प्रमाणित करायचं. म्हणून मार्चमध्ये अचानक ‘आजच्या आज उपयोगिता प्रमाणपत्र पाठवा’ असे फोन येतात.

नव्या मांडणीत मार्चअखेर संस्थेला 33 लाख मिळालेले असतील आणि 31 लाख 10 हजार खर्च झालेले असतील. 1 लाख 90 हजार संस्थेकडे शिल्लक, आणि 3 लाखांचा शेवटचा हप्ता कंपनीकडेच. संचालक मंडळाने हा प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केला असेल तर न वापरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या ‘अनस्पेंट सीएसआर’ खात्यात जाते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत याच प्रकल्पावर खर्च करता येते. तशी मंजुरी नसेल तर उरलेली रक्कम सहा महिन्यांत अनुसूची 7 मधल्या एखाद्या सरकारी निधीत भरावी लागते. त्यानंतर तुमचे 3 लाख कंपनीला नव्या वर्षाच्या रकमेतून शोधावे लागतात, आणि शेवटचा हप्ता दिवाळीपर्यंत लांबतो त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

म्हणून सहीच्या आधी सीएसआर विभागाला थेट विचारा: मंडळाच्या ठरावात हा चालू प्रकल्प आहे का? असेल तर परिशिष्टात तसं लिहून घ्या, आणि प्रत्येक हप्त्यासमोर तो कोणत्या आर्थिक वर्षातला आहे हा एक स्तंभ वाढवा. नसेल तर मुदत 31 मार्चला संपेल अशी मांडणी करा आणि एप्रिलची अंतिम चाचणी मार्चमध्ये ओढा. शाळांच्या वार्षिक परीक्षांशी तिची टक्कर होईल, तेव्हा शिक्षकांशी आधी बोलून घ्यावं लागेल.

लेखा विभागात अडकणारा हप्ता

कधी काम झालेलं असतं, सीएसआर विभागाने मंजुरीही दिलेली असते, आणि तरी पैसे निघत नाहीत. अशा वेळी परिशिष्टातले शब्द तपासा. त्यात ‘शुल्क’, ‘मोबदला’, ‘सेवा पुरवठादार’, ‘बीजक’ असं लिहिलेलं असेल तर लेखा विभाग त्या व्यवहाराकडे सेवेची खरेदी म्हणून पाहतो. मग विक्रेता म्हणून नोंदणी, जीएसटी, टीडीएस असे प्रश्न सुरू होतात. संस्थेच्या बाजूने ही रक्कम अनुदान म्हणून दाखवलेली असते. एकाच पैशाची दोन पुस्तकांत दोन नावं, आणि कोणीतरी ते विचारणारच.

हप्ते कामाशी बांधल्यामुळे हा गोंधळ अधिक होतो, कारण ‘हे काम करा, इतके घ्या’ असं वाचलं की ती विक्रीच वाटते. कंपनीला या पैशांच्या बदल्यात स्वतःसाठी काही मिळत नसेल आणि लाभ शाळांनाच होत असेल, तर करार आणि परिशिष्ट दोन्हींत ‘अनुदान’, ‘हप्ता’, ‘मागणीपत्र’ आणि ‘उपयोगिता प्रमाणपत्र’ हेच शब्द ठेवा. कंपनी आपल्या वापरासाठी एखादं सर्वेक्षण किंवा कर्मचाऱ्यांसाठी शिबिर मागत असेल तर ते खरोखर सेवेच्या जवळ जातं. त्याचा करार वेगळा करा आणि सहीआधी सीएचं मत घ्या. फक्त नाव बदलून कराचं बंधन बदलत नाही.

आणखी एक छोटी तपासणी. कराराच्या मुख्य भागात ‘रक्कम तिमाही हप्त्यांत दिली जाईल’ असं असतं आणि परिशिष्टात कामांवर आधारित हप्ते असतात. दोन्ही वाक्यं सहीखाली आहेत, त्यामुळे प्रत्येक विभाग आपल्याला सोयीचं वाचतो. ‘रकमा आणि हप्त्यांबाबत परिशिष्ट अंतिम मानले जाईल’ ही ओळ मुख्य भागात टाकून घ्या.

करारावर सही आधीच झाली असेल तर

सगळा करार पुन्हा उघडायला जाऊ नका, ते महिनोन्‌महिने चालतं. महिनावार शिल्लकीचा तक्ता कंपनीला पाठवा आणि सर्वांत वाईट महिना कोणता ते दाखवा. मग फक्त परिशिष्टाच्या जागी नवं परिशिष्ट, दोन्ही बाजूंच्या सहीने, अशी एकपानी दुरुस्ती मागा. एकूण रक्कम, मुदत आणि शाळांची संख्या तीच ठेवा, कारण त्यात बदल नसेल तर बऱ्याच कंपन्यांत हा विषय पुन्हा मंडळापुढे न्यावा लागत नाही आणि विभागप्रमुखाच्या पातळीवर मिटतो. कोणाच्या सहीने मिटेल हे मात्र आधी विचारून घ्या.

हप्ता सध्या अडकलेलाच असेल तर दुरुस्तीची वाट न पाहता लेखी विचारा: कोणत्या अटीचा कोणता पुरावा कमी आहे, आणि झालेल्या कामाच्या प्रमाणात रक्कम सोडता येईल का? सोबत 58 पोचा, उरलेल्या दोन शाळांच्या समायोजनाचं पत्र आणि रोखून धरायचे 24 हजार असा हिशेब तुम्हीच मांडून द्या. फोनवर ‘बघतो’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्यालाही वरिष्ठांकडे नेण्यासाठी एक कागद लागतो, आणि तो तयार मिळाला तर फाइल हलायची शक्यता कितीतरी वाढते.